चार युनिट

माझ्या मुलीला मी सलग सोळा रात्री इन्सुलिन दिलं नाही. ते संपलं नव्हतं, मी विसरलोही नव्हतो. फ्रिजच्या दारात, लोण्याच्या कप्प्यात पेन होतं आणि रात्री नऊचा गजरही रोज वाजत होता. मी गजर बंद करायचो आणि मुलगी वहीत लिहायची, ‘रात्री ९, चार युनिट’. तिला तसं लिहायला मी सांगितलं होतं.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीत मी गुणवत्ता विभागात आहे. पंपांची ओतीव कवचं मोजणं हे माझं काम. बावीस वर्षं तेच करतो. राहायला उचगावात. बायको घरी ब्लाउज शिवते. मुलगी एकच, त्या वेळी तेरा वर्षांची, शाळेच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. ती घरात असली की कुठली ना कुठली वस्तू हवेत असायची.

तिला तहान लागायला लागली तेव्हा मी थट्टा केली होती. जेवताना तिनं तिसरा तांब्या उचलला, तर मी म्हणालो, “म्हैस हायस काय?” ती हसली आणि प्याली. रात्री चार-चार वेळा उठायची. वजन उतरलं, जर्सी अंगावर लोंबायला लागली, तर मी बायकोला म्हणालो, “उंची वाढालीया तिची.” मोजमापाच्या धंद्यातला माणूस मी. उंची मोजली नाही. शेवटी बायकोच तिला घेऊन गेली आणि रक्तातली साखर चारशेच्या वर निघाली. आमच्या नशिबानं उलट्या वगैरे सुरू होण्याच्या आत निघाली.

कोल्हापुरातल्या ज्या डॉक्टर मॅडम मुलांचा मधुमेह बघतात, त्यांनी आम्हाला पाच दिवस ठेवून घेतलं. टाइप वन, म्हणजे शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. साखर खाल्ल्यानं होत नाही, आईबापाच्या चुकीनं होत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मला तो तांब्या दिसला.

सुरुवातीला दिवसाला तीस युनिट लागायचे. तीन जेवणांआधी तीन वेळा आणि रात्री नऊला लांब पल्ल्याचं, दिवसभर पुरणारं. जेवणाचं बायकोकडं आणि रात्रीचं माझ्याकडं, अशी वाटणी आम्ही केली. पहिल्या रात्री मी सुई बसवायलाच इतका वेळ लावला की मुलगी म्हणाली, “पप्पा, आणा इकडं. मी टोचून घेतो.” आमच्याकडं पोरी असंच बोलतात. मी दिलं नाही. रात्रीचं काम माझं होतं.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात साखर खाली यायला लागली. एकदा सरावात तिला गोलपोस्टशेजारीच घाम फुटला, हातपाय कापायला लागले. मोजली तर अठ्ठावन्न. तिनं ग्लुकोज खाल्लं आणि परत उभी राहिली. मॅडमनी डोस कमी केला. आठवड्यानं परत कमी केला. तिसऱ्या महिन्यात जेवणाआधीची इंजेक्शनं जवळजवळ बंद झाली, जेवणाआधी साखर एकशे ऐंशीच्या वर असेल तरच बायकोनं एक युनिट द्यायचं. बाकी राहिले ते रात्रीचे चार.

“याला हनीमून म्हणतात,” मॅडम म्हणाल्या.

बायको जमिनीकडं बघायला लागली. मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं बघितलं. मुलगी म्हणाली, “कुणाचा?”

“तुझ्या स्वादुपिंडाचा,” मॅडम म्हणाल्या. त्या पुण्याकडच्या, त्यांना हसू येत नाही. मग माझ्याकडं वळल्या. “तुम्ही कारखान्यात आहात ना? समजा, दहा कामगार होते. सात-आठ गेले. उरलेल्या दोघा-तिघांवर सगळा भार पडला, साखर वाढत गेली, आणि त्या वाढलेल्या साखरेनंच ते आणखी गळाठून बसले. आपण बाहेरून इन्सुलिन दिलं. त्यांना उसंत मिळाली, साखर उतरली, ते उठून परत कामाला लागले. शिवाय साखर आटोक्यात आली की शरीरही इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतं. म्हणून आता कमी पुरतं.”

“म्हणजे बरं व्हायला लागलंय,” मी म्हणालो.

“नाही. ज्यांनी ते सात-आठ जण घालवले, ते अजून कारखान्यातच आहेत. उरलेलेही जाणार. काही आठवडे, काही महिने, कुणाला वर्ष. सांगता येत नाही. तोवर हे चार युनिट त्यांचा आधार आहे. हा बंद करायचा नाही. साखर कितीही चांगली दिसली तरी नाही. हिला ताप आला, जंतुसंसर्ग झाला, तर इन्सुलिनची गरज एकदम वाढते, आणि त्या दोघा-तिघांना ते झेपत नाही. कमी करायचं असेल तर मला फोन करा. बंद करायचं असेल तर फोनसुद्धा करू नका, कारण उत्तर नाही असंच आहे.”

हे सगळं मला समजलं. समजलं नाही असं म्हणायला मला फार आवडलं असतं.

त्या आठवड्यात गारगोटीहून माझा मेहुणा आला, बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं दुधाचं संकलन केंद्र आहे. बायको फॉल लावत बसली होती. त्यानं वही चाळली.

“दाजी, तीसाचं चारवर आलं?”

“व्हय.”

“मग उतराला लागलाय की रोग. चारवर आलंय ते शून्यावर यायला किती वेळ लागतोय?”

“डॉक्टर न्हाय म्हणतात.”

“ते न्हायच म्हणणार की. आणि दाजी,” त्यानं आवाज खाली घेतला, “पोरीची जात हाय. उद्या स्थळ बघताना कोण इचारणार न्हाय व्हय, पोटाला सुया का टोचतीया म्हणून?”

“तेरा वर्षांची हाय ती,” बायको आतून म्हणाली. तिला सगळं ऐकू गेलं होतं. “आणि तुझी म्हैस आजारी पडल्यावर तू डॉक्टर बोलावतोस का स्थळं बघतोस?”

मेहुणा चहा पिऊन गेला. त्याच्यावर मी काही ढकलणार नाही. त्यानं फक्त बोलून दाखवलं. केलं मी, आणि माझ्या धंद्याच्या पद्धतीनं केलं.

आमच्या कारखान्यात एक पद्धत आहे. एखाद्या पुरवठादाराचा माल सलग दहा लॉट बिनदोष आला की पुढच्या लॉटची तपासणी सैल करतात. अजून चांगला येत राहिला की मधलाच एखादा लॉट न तपासता सरळ आत घेतात. मग एकाआड एक. ही पद्धत चांगली आहे, वेळ वाचतो. मी माझ्या खिशातल्या कारखान्याच्या वहीत मुलीची सकाळची उपाशीपोटीची साखर लिहायला लागलो. सलग दहा दिवस एकशे वीसच्या आत. दहा लॉट पास.

दिवसभर माझ्या डोक्यात तो तांब्या होता हे मी आज लिहू शकतो. आजार गेला असता तर मी केलेली थट्टाही गेली असती. तेव्हा मी त्याला अपराधी वाटणं म्हणत नव्हतो, नमुना तपासणी म्हणत होतो.

अकराव्या दिवशी नऊला मुलगी पेन घेऊन आली. बायको आत मशिनवर होती.

“आज नको,” मी म्हणालो.

“का?”

“बघूया.”

“मॅडम न्हाय म्हणालेत.”

“एक रात्र. सकाळी बघू, वाढली तर परत चालू.”

तिनं माझ्याकडं बघितलं. तेरा वर्षांच्या मुलीला रोज सुई टाळायची असते, पण तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. “आणि वहीत?”

“चारच लिही. आईला उगाच घोर.”

“खोटं लिहू?”

“तात्पुरतं.”

सकाळी साखर एकशे आठ आली. मी तिला वहीतला आकडा असा दाखवला, जसा मी साहेबांना दाखवतो. पुढचा आठवडा एकाआड एक. त्यानंतर पूर्ण बंद.

पहिले पाच-सहा दिवस आकडे छान राहिले. ते दोघे-तिघे कामगार एकटेच ओढत होते, हे मला आता माहीत आहे. मग सकाळी एकशे पस्तीस, एकशे पन्नास, एकशे सत्तर. संध्याकाळी एकशे ऐंशीच्या वर जायला लागली तशी बायको एक युनिट द्यायची आणि म्हणायची, “मॅडमना फोन करूया.”

“चाचणी परीक्षा हाय तिची. ताण असतो,” मी म्हणायचो. दुसऱ्या दिवशी म्हणालो, साखर मोजायच्या पट्ट्यांची डबी उघडी राहिली असेल. तिसऱ्या दिवशी, हात धुतला नसेल. कारखान्यात माल नापास व्हायला लागला की पुरवठादार आधी मोजण्याच्या साधनावर संशय घेतो. आम्ही त्याला हसतो. आमच्या पद्धतीत दुसरा अर्धाही आहे: एक लॉट जरी नापास झाला, तरी त्या क्षणी पूर्ण तपासणीवर परत यायचं. तो अर्धा मला तोंडपाठ आहे. नव्या पोरांना मीच शिकवतो.

सोळाव्या रात्रीनंतरच्या सकाळी, रविवारी, मुलीला ताप होता. वर्गातल्या निम्म्या मुलांना होता. दहा वाजता तिला उलटी झाली, मग दुसरी. पोट दुखतंय म्हणाली. साखर तीनशे ऐंशी.

“काल पाणीपुरी खाल्लीया,” मी म्हणालो.

“इन्सुलिन द्यायचं का?” बायको म्हणाली.

“पोटात काय न्हाय तिच्या. जेवल्याशिवाय कसं द्यायचं?”

हेही चूक होतं. आजारात पोरगं जेवलं नाही तरी इन्सुलिन बंद करायचं नसतं, उलट बऱ्याचदा वाढवावं लागतं. इन्सुलिन नसलं की रक्तात साखर भरलेली असूनही पेशींना ती घेता येत नाही. शरीर चरबी जाळायला लागतं, आणि त्यातून तयार होणारे कीटोन रक्त आम्लधर्मी करत नेतात. ही माहिती आमच्या फ्रिजवर चुंबकानं लावलेल्या कागदावर छापील होती. कागदावर मी दूधवाल्याचा नंबर लिहिला होता.

बाराच्या सुमारास मी तिच्याजवळ बसलो. ती झोपल्यासारखी होती, पण श्वास झोपेतला नव्हता. खोल आणि भराभर, मैदानाला पाच फेऱ्या मारून आल्यासारखा. तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येत होता.

“लई तहान लागलीया,” ती म्हणाली.

मी तांब्या आणायला उठलो आणि स्वयंपाकघरात नुसता उभा राहिलो. बायको मला बाजूला सारून फ्रिजकडं गेली. लोण्याच्या कप्प्यात मागं, मॅडमनी दिलेली, लघवीतले कीटोन तपासायच्या पट्ट्यांची बाटली होती, सील न तोडलेली. तिनं दातानं सील तोडलं, मुलीला धरून मोरीत नेलं. पट्टी जांभळी झाली, बाटलीवरच्या चित्रातल्या शेवटच्या चौकोनासारखी. तिनं मॅडमना फोन लावला. पलीकडून दोनच शब्द आले, ते मलाही ऐकू आले. “लगेच निघा.”

शेजाऱ्याची गाडी होती. उचगावपासून फार वेळ लागत नाही. मुलगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती आणि मी तिचे श्वास मोजत होतो. मिनिटाला अडतीस. मोजायला मला येतं.

अतिदक्षता विभागात आधी सलाईन लावलं. इन्सुलिन लगेच नाही, तासाभरानं, सलाईनमधून थेंबाथेंबानं. रक्तातलं पोटॅशियम सारखं तपासत होते. साखर एकदम पाडायची नाही, मेंदूला सूज येऊ शकते, असं नर्स म्हणाली. ही वाक्यं मी उभा राहून ऐकली, कारण बसायला सांगितलेलं मला कळलं नव्हतं. मॅडमनी मला बाजूला घेतलं.

“रात्रीचे चार चालू होते ना?”

मी वही पुढं केली, सोबत आणलेलं पेनही. मुलीच्या अक्षरात, रोज, चार.

“मग इतक्या लवकर एवढं?” त्या पेनाकडं बघत म्हणाल्या. “हे पेन गरम जागी राहिलं होतं का? इन्सुलिन खराब झालं असेल.”

“असेल,” मी म्हणालो.

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. डोळे मिटलेलेच होते. “मी विसरलो मॅडम. मी घेतलो न्हाय.”

मी काही बोललो नाही. ते वाक्य परत वाचावं लागेल इतकं ते छोटं आहे, पण तसंच झालं. रक्तातलं आम्ल उतरायला दुसरा दिवस उजाडला, तोवर मी काही बोललो नाही. निदान त्यांना औषध का चाललं नाही ते कळलंय, उपचार तर तेच आहेत, असं मी स्वतःला सांगितलं. बायको मुलीच्या केसांतून हात फिरवत म्हणायची, “विसरलीस व्हय गं. पप्पा असताना कशी विसरलीस?” मुलगी भिंतीकडं तोंड करायची.

तिसऱ्या दिवशी तिला साध्या वॉर्डात आणलं. ती इडली खात होती. मॅडम फाइल घेऊन आल्या आणि मुलीच्या शेजारी बसल्या, रागावलेल्या नव्हत्या.

“हे बघ. विसरणं चालतं. विसरून वहीत चार लिहिणं चालत नाही. आता वर्षभर पेन तुझ्या हातात नाही. प्रत्येक इंजेक्शन मोठ्या माणसासमोर, मोठ्या माणसानं द्यायचं. पुढच्या महिन्यात ते फुटबॉलचं शिबिर आहे ना बाहेरगावी? ते यंदा नाही. मी शाळेला पत्र देते.” त्यांनी खिशातलं पेन काढून फाइलवर ते लिहायलाही घेतलं.

मुलगी चावायची थांबली. “बरं,” म्हणाली. गोल झाल्यावर जाळीतून चेंडू काढताना ती जशी कुणाकडं बघत नाही, तसं तिनं कुणाकडंच बघितलं नाही.

“ती विसरली न्हाय,” मी म्हणालो.

तिघींनी माझ्याकडं बघितलं.

“मी बंद केलं. सोळा दिवस पूर्ण, त्याच्या आधी आठवडाभर एकाआड एक. ती पेन घेऊन यायची, मी नको म्हणायचो. वहीत खोटं मी लिहायला लावलं. ती न्हाय म्हणत होती.”

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. “का?”

“आकडे चांगले येत होते.”

“आकडे चांगले येत होते कारण चार युनिट चालू होते.”

“व्हय.”

“तुम्ही तपासणी बंद केली असती तर मी रागावले असते. तुम्ही तपासणी चालू ठेवलीत आणि औषध बंद केलंत.” त्यांना माझी कारखान्याची पद्धत मी कधी सांगितली नव्हती. “परवा अजून चार-पाच तास उशीर केला असता तर मी तुमच्याशी हे बोलत नसते. वेगळं बोलत असते.”

त्यांनी शाळेचं पत्र फाडलं, तुकडे एप्रनच्या खिशात ठेवले आणि पुढच्या पलंगाकडं गेल्या.

बायको उठली. इडलीचा डबा घेऊन बेसिनकडं गेली, धुतला, पुसला, झाकण लावलं. मग म्हणाली, “मी पट्ट्यांची डबी बदलली. तुम्ही म्हणालात म्हणून. नवी आणली, दोनदा हात धुवायला लावलो तिला.”

“व्हय.”

“घरी गेल्यावर बोलू.”

घरी गेल्यावर ती बोलली नाही. त्याला आता दीड वर्ष झालं. कधी विषय काढेल ते माहीत नाही. मी घरी असलो की जरा तयारीतच असतो.

“तू का सांगितलंस तसं?” मी मुलीला त्याच दुपारी विचारलं होतं.

“तुम्ही असेल म्हणालात,” ती म्हणाली. “पेन खराब असेल म्हणालात. मग मॅडमनी नवं पेन दिलं असतं आणि तुम्ही परत नको म्हणाला असता. मी विसरलो म्हटल्यावर आईनं रोज बघितलं असतं.”

तिनं तसा विचार केला होता. आम्ल भरलेल्या डोक्यानं, डोळे मिटून.

त्यानंतर दिवसाचा डोस अठरावर गेला, पुन्हा जरा उतरला, पण चारवर कधी आला नाही. पाचेक महिन्यांत उतरणं थांबलं आणि चढणं सुरू झालं. आज दिवसाला सगळे मिळून चाळीस लागतात. मी मॅडमना विचारलं, माझ्यामुळं तो काळ लवकर संपला का. त्यांनी फाइल उलटून मागचे आकडे बघितले. “सांगता येत नाही,” म्हणाल्या. “कदाचित एवढाच असता. कदाचित नसता.” काही उत्तरं मोजपट्टीवर येत नाहीत, आणि हे एक मला कायम ठेवून घ्यावं लागणार आहे.

ती शिबिराला गेली. दोन सामने जिंकले, एक हरले. पेन तिच्याच हातात होतं, तिथल्या बाईंना तिनंच सगळं शिकवलं.

घरातली वाटणी तिनं बदलली. रात्री नऊला ती स्वतः टोचते. वहीत तिनं नवा रकाना आखलाय, त्याला ‘पप्पांनी बघितलं’ असं नाव आहे. ती पेनाची खिडकी माझ्यापुढं धरते, मी आकडा मोठ्यानं वाचतो. ती सुई पोटात धरून दहापर्यंत मोजते, म्हणजे इन्सुलिन पूर्ण आत जातं. मग मी सही करतो. न बघता सही केली तर ती चालवून घेत नाही.

काल मी बातम्या बघत होतो, पेन हातात घेऊन ती आली. मी चष्मा शोधत वहीकडं हात केला.

“आधी आकडा,” ती म्हणाली.

मी चष्मा लावला आणि आकडा वाचला. अठरा. तिनं टोचलं. मनातल्या मनात सात मोजून झाले तेव्हा मला वाटलं, झालं, आणि मी वही ओढली.

“दहा व्हायचेत पप्पा,” ती म्हणाली, आणि आठपासून पुढं मोठ्यानं मोजलं.